कुत्र्यानं उंदराचं औषध खाल्लं? आधी पाकीट शोधा

"डॉक्टर, आमच्या कुत्र्यानं उंदराचं औषध खाल्लं. काय पाजू?" पावसाळा लागला, उंदीर घरात शिरू लागले, की असे फोन वाढतात. मी उलट विचारतो, "पाकीट हातात आहे का?" पलीकडे क्षणभर काही ऐकू येत नाही आणि मग बहुतेक वेळा थोडा रागच ऐकू येतो. इथे जिवावर बेतलंय आणि ह्याला पाकिटाचं पडलंय! राग समजण्यासारखा आहे. पण पाकिटावर काय छापलंय हे कळेपर्यंत मी जे सांगेन त्यातलं निम्मं चुकीचं ठरू शकतं, कारण आपल्याकडच्या दुकानांत उंदीर मारायचं म्हणून जे मिळतं त्यात एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली तीन विषं आहेत. एकाचा उतारा आहे, दोघांचा नाही. एक तासाभरात मारू शकतं, एक तीन दिवस काहीच दाखवत नाही. एकात पोटात अन्न असणं घातक, दुसऱ्यात तूप-दूध घातक.

शहरात सगळ्यात जास्त दिसतो तो केक. मेणात आणि धान्याच्या भरडीत बसवलेल्या निळ्या, हिरव्या किंवा लालसर वड्या. पाकिटावर बारीक अक्षरात ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के असं छापलेलं असतं. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला जिन्याखाली, पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीत ठेवून जातो तो बहुधा हाच. कुत्र्याला तो आवडतो, कारण उंदराला आवडावा म्हणूनच तो बनवलेला असतो.

हे विष करतं काय? रक्त गोठायला लागणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि ते तयार करायला के जीवनसत्त्व लागतं. शरीर हे जीवनसत्त्व एकदा वापरून टाकून देत नाही, एका विकराच्या मदतीनं पुन्हा पुन्हा कामाला लावतं. ब्रोमॅडिओलोन नेमका तो विकर अडवतं. नवे घटक बनणं थांबतं, पण आधी बनलेले रक्तात फिरत असतात, त्यामुळे पहिले दोन दिवस कुत्रा ठणठणीत असतो. दुकानात माल शिल्लक असेपर्यंत कारखाना बंद पडल्याचं गिऱ्हाइकाला कळत नाही, तसलाच हा प्रकार. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी साठा संपतो आणि रक्त कुठूनही झिरपू लागतं. नाकातून किंवा लघवीतून आलं तर निदान दिसतं तरी. पुष्कळदा ते छातीच्या पोकळीत नाहीतर फुप्फुसात साचतं आणि घरच्यांना दिसतं ते इतकंच, की कुत्रा मलूल आहे, धापा टाकतोय, जिन्यावर चढत नाही. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या गुलाबी नसतात, पांढऱ्याफटक असतात.

म्हणजे या विषात "खाऊन चार तास झाले, पण अगदी मस्त खेळतोय" या वाक्याला काही अर्थ नाही. तेव्हा तो खेळणारच.

एक प्रसंग तपशिलानं सांगतो, कारण कुठली माहिती कशी कामाला येते हे त्यात नीट दिसतं. शेरू, तीन वर्षांचा देशी वळणाचा कुत्रा. रात्री साडेआठला घरच्यांच्या लक्षात आलं की जिन्याखालचे केक विस्कटलेत आणि शेरूच्या जिभेला हिरवट रंग आहे. मुलगी फोनवर होती आणि ती घाबरली असली तरी समोरची वस्तू बघून बोलत होती. पाकीट सापडलं, त्याचा फोटो आला. ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के, एक केक पंचवीस ग्रॅमचा.

मी विचारलं, किती खाल्ले? "थोडेसेच असतील," ती म्हणाली. अशा वेळी "थोडेसे" हे उत्तर मी घेत नाही. किती ठेवले होते आणि आता किती उरलेत, हे मोजायला सांगतो. ठेवले होते चार, उरला होता दीड. म्हणजे जास्तीत जास्त अडीच केक, साडेबासष्ट ग्रॅम. यातला थोडा उंदरांनी नेला असेल, थोडा जिन्याच्या फटीत पडला असेल, पण हिशोब करताना सगळं कुत्र्याच्याच पोटात गेलं असं धरायचं. घरात दोन कुत्रे असतील तर दोघांनीही प्रत्येकी सगळं खाल्लं असं धरायचं. गणितात हे चुकीचं असलं तरी उपचारात बरोबर असतं.

मग वजन. वजनाच्या बाबतीत लोक सर्रास चुकतात, आणि लाडाच्या कुत्र्याच्या बाबतीत तर हमखास कमी सांगतात. घरी वजनकाटा असेल तर कुत्र्याला उचलून घेऊन उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. शेरू चोवीस किलो भरला. ०.००५ टक्के म्हणजे एका ग्रॅममध्ये ०.०५ मिलिग्रॅम. साडेबासष्ट ग्रॅममध्ये सुमारे ३.१ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे साधारण ०.१३ मिलिग्रॅम. पुस्तकात कुत्र्यासाठी दिलेल्या प्राणघातक मात्रेपेक्षा हा आकडा खूपच लहान आहे. पण ती मात्रा सरासरीची असते, शिवाय वय, यकृताची अवस्था, आधीचा आजार यांनी गणित बदलतं. म्हणून आम्ही तेवढ्यावर निर्धास्त होत नाही.

वेळेबद्दलही प्रश्न थोडा वळवून विचारावा लागतो. "केव्हा खाल्लं?" असं विचारलं की माणसं अंदाज ठोकून देतात. त्यापेक्षा केक जागेवर धड असल्याचं शेवटचं कुणी आणि कधी पाहिलं, आणि विस्कटलेले कधी दिसले, हे विचारायचं. इथे सायंकाळी पाचला आजीनं झाडताना चारही पाहिले होते. म्हणजे जास्तीत जास्त साडेतीन तास. उलटी करवून फायदा होण्याइतका वेळ हातात होता. पहिल्या दोन तासांत ती सर्वांत उपयोगी, चारेक तासांपर्यंत करून पाहण्यासारखी.

इथपर्यंत प्रकरण सरळ होतं. पण फोन ठेवण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: हे केक पहिल्यांदाच ठेवलेत का? मुलीनं आईला विचारलं, आईनं रखवालदाराला. गेल्या रविवारीही चार ठेवले होते, ते दोन दिवसांत सफाचट झाले म्हणून तर नवे ठेवले होते! उंदरांनी फडशा पाडला म्हणून सगळे खूश होते. उंदीर मात्र तसेच पळत होते.

या एका उत्तरानं उपचाराची दिशा फिरली. पहिल्यांदाच खाल्लेलं असतं तर उलटी करवून, पोटात कोळसा देऊन, दोन दिवसांनी रक्ताची गोठण्याची चाचणी करून पुढचं ठरवता आलं असतं. पण आठवड्यापूर्वीचे चार केकही शेरूनंच खाल्ले असण्याची शक्यता असताना दोन दिवस थांबण्यात धोका होता. दवाखान्यात आल्यावर उलटी करवली, त्यात हिरव्या चुऱ्याचे तुकडे निघाले. वैद्यकीय कोळसा पाजला. रक्त काढून घेतलं आणि अहवालाची वाट न बघता के-वन जीवनसत्त्व सुरू केलं. पहिली मात्रा बारीक सुईनं कातडीखाली दिली, कारण कोळसा पोटात असताना तोंडावाटे दिलेलं औषधही तोच धरून ठेवतो. शिरेतून हे इंजेक्शन देत नाही, जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते.

ती चाचणी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, सगळे पीटी म्हणतात. रक्त गोठवणाऱ्या घटकांतला सर्वांत कमी टिकणारा घटक आधी संपतो आणि पीटी त्यालाच मोजते. त्यामुळे रक्तस्राव सुरू होण्याच्या आधीच, म्हणजे विष खाल्ल्यावर दीड ते तीन दिवसांत, ती बिघडलेली दिसते. लहान गावात ही चाचणी माणसांच्या लॅबमध्ये करून मिळते, पण तिथे एक फसगत आहे. कुत्र्याचं रक्त माणसापेक्षा लवकर गोठतं. माणसाच्या तक्त्यात बारा-तेरा सेकंद म्हणजे नॉर्मल, आणि त्याच तक्त्यावर टिक करून दिलेला कुत्र्याचा अहवाल प्रत्यक्षात बिघडलेला असू शकतो. शक्य असेल तर एखाद्या धडधाकट कुत्र्याचं रक्त सोबत पाठवावं, तुलना तरी होते. आम्ही तसंच केलं. धडधाकट कुत्र्याचे आठ सेकंद आले, शेरूचे एकोणीस. बाहेरून पाहता त्याला काहीही झालेलं नव्हतं.

पुढचं काम कंटाळवाणं असतं आणि चुका तिथेच होतात. के-वन रोज, तीन ते चार आठवडे. साधारण मात्रा किलोमागे अडीच ते पाच मिलिग्रॅम, म्हणजे शेरूला दिवसाला निदान साठ मिलिग्रॅम. नवजात बाळाला याच औषधाचं जे इंजेक्शन देतात त्यात एक मिलिग्रॅम असतं, यावरून किती साठा लागेल ते लक्षात येईल. मेडिकलमध्ये दोन-चार ॲम्प्युल मिळाल्या म्हणजे भागत नाही. गोळी किंवा तोंडावाटे औषध थोड्या स्निग्ध अन्नाबरोबर दिलं तर चांगलं शोषलं जातं. मेडिकलवाल्यानं "के-थ्री आहे, चालेल का?" असं विचारलं तर नाही म्हणायचं. मेनाडिओन नावाचा हा प्रकार या विषावर उपयोगाचा नाही. दहाव्या दिवशी कुत्रा उड्या मारतोय म्हणून औषध बंद करणारे दर मोसमात भेटतात. ब्रोमॅडिओलोन यकृतात आठवडेच्या आठवडे टिकून राहतं, औषध थांबलं की दोन-चार दिवसांत पुन्हा तेच सुरू. म्हणून शेवटच्या मात्रेनंतर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा पीटी करायची, ती ठीक आली तरच सुटका. तोवर पळापळ, कुत्र्यांशी मस्ती, कडक हाडं चावायला देणं बंद.

पाकीट सापडत नाही, कुणी काही सांगतही नाही, तेव्हा काय होतं हेही सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात त्याला एक खास वळण आहे. कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, अंगावर लाल ठिपके दिसले, की आपल्याकडच्या कुठल्याही पशुवैद्याच्या मनात आधी येतो तो गोचीड ताप. येणारच, तो सगळीकडे आहे आणि त्यातही रक्त जातं. मग प्लेटलेट मोजल्या जातात, डॉक्सीसायक्लिन सुरू होतं. फार्महाऊसवरची एक डॉबरमन कुत्री अशीच माझ्याकडे आली. दोन दिवस तापाचं औषध चालू होतं. इंजेक्शन दिलेल्या जागी मांडीवर लिंबाएवढी गाठ आली होती आणि ती वाढत होती. प्लेटलेट थोड्या कमी होत्या, पण इतकं रक्त जाण्याइतक्या कमी नव्हत्या. तिथल्या माळ्याला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की गोदामात "कसल्यातरी निळ्या वड्या" टाकल्या होत्या. मालकाला ते ठाऊकच नव्हतं. तिला के-वनबरोबर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागलं, कारण के-वननं नवे घटक तयार व्हायला सहा-बारा तास लागतात आणि तिच्याकडे तेवढे तास नव्हते. वाचली ती.

माळ्यानं लपवलं नव्हतं. त्याला कुणी नेमकं विचारलं नव्हतं, इतकंच. म्हणून दवाखान्यात निघण्याआधी घरकामाच्या बाईंना, रखवालदाराला, शेजाऱ्यांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला एकच प्रश्न विचारावा: गेल्या दहा दिवसांत कुठे, काय ठेवलं होतं?

आता शेतावर या. इथे गोष्ट वेगळी आहे. झिंक फॉस्फाईड ही राखाडी-काळी पूड, बाजारात मिळते ती ऐंशी टक्क्यांची. उसात, भातात, गोदामात उंदरांसाठी आमिष करायची जी शिफारस आहे तीत शंभरात शहाण्णव भाग धान्याची भरड, दोन भाग खायचं तेल आणि दोन भाग ही पूड असते. कुणी भज्यात घालतं, कुणी पिठाच्या गोळ्यात. कुत्र्यासाठी हिची प्राणघातक मात्रा किलोमागे वीस ते चाळीस मिलिग्रॅम. बारा किलोच्या कुत्र्याचा हिशोब केला तर साधारण अर्धा ग्रॅम पूड पुरते. तयार आमिष असेल तर पंधरा ते तीस ग्रॅम, म्हणजे एक घास. वर शेरूनं साठ ग्रॅमच्या वर खाल्लं होतं आणि आमच्याकडे विचार करायला दिवस होते. इथे त्याच्या निम्म्यापेक्षा कमी वजनात कुत्रा दोन तासांत जाऊ शकतो.

ही पूड स्वतः विशेष काही करत नाही. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फीन वायू सुटतो, तो मारतो. पंधरा मिनिटं ते चार तासांत उलट्या, पोट फुगणं, अस्वस्थपणे फिरणं, कापरं, झटके, धाप अशी लक्षणं दिसू लागतात, क्वचित याहून उशिरा. उतारा नाही. आता यात "काहीतरी खायला घाला, विष पातळ होईल" हा सल्ला आठवा. अन्न पोटात गेलं की आम्ल सुटतं आणि आम्ल सुटलं की वायू. उपाशी पोटी खाल्लेली कुत्री तुलनेनं वाचतात, भाकरी खाऊन वर विष खाल्लेली कमी. आम्ही उलट आधी आम्लता उतरवणारं औषध देतो, मग बाकीचं. म्हणून झिंक फॉस्फाईडचा संशय असेल तर दूध नाही, भाकरी नाही, अंडं नाही.

दुसरं म्हणजे हा वायू माणसालाही लागतो. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. अमेरिकेत मिशिगन, आयोवा आणि वॉशिंग्टन या राज्यांत २००६ ते २०११ या काळात अशा कुत्र्यांच्या उलटीतल्या वायूनं पशुवैद्यकीय दवाखान्यातली माणसं आजारी पडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा कुत्र्याला मोटारीत घालून काचा बंद करून एसी लावू नका. चारही काचा खाली. उलटी घरात झाली तर आधी दारं-खिडक्या उघडा, त्यावर वाकून हुंगू नका. आणि दवाखान्यात पोचण्याआधी फोनवर सांगा, म्हणजे आम्ही त्याला आत न घेता बाहेर, मोकळ्या हवेत बघू.

तिसरं विष म्हणजे पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये मिळते ती. बहुधा तीन टक्क्यांची. ब्रेडच्या तुकड्याला किंवा टोमॅटोच्या फोडीला लावून ठेवतात. हिचा स्वभाव कपटी आहे. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग थांबतात. एक-दोन दिवस कुत्रा बरा वाटतो, खातो-पितो. त्यानंतर यकृत निकामी व्हायला लागतं, डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात. "उलट्या थांबल्या, सुटलो" असं म्हणून दवाखान्यात न आलेली कुत्री मग चौथ्या दिवशी येतात. फॉस्फरस चरबीत विरघळतो, म्हणून इथे तूप, तेल, दूध पाजणं म्हणजे तो शरीरात नेऊन पोचवणं आहे. यालाही उतारा नाही, पण पहिल्या काही तासांत पोट रिकामं करता आलं आणि यकृताला आधार देणारं औषध वेळेत सुरू झालं तर शक्यता बदलते.

म्हणजे दूध कुठल्याच प्रकारात उपयोगाचं नाही आणि दोन प्रकारांत घातक आहे. मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याची पद्धत गावोगाव आहे. ती पहिल्यांदा सोडा. मीठ रक्तात चढलं की मेंदूवर परिणाम होतो आणि झटके येतात, आणि मग ते झटके विषाचे की मिठाचे हेही कळेनासं होतं. हायड्रोजन पेरॉक्साईडबद्दल परदेशी व्हिडिओ पाहून लोक विचारतात. तिकडचं द्रावण तीन टक्क्यांचं असतं, आपल्या मेडिकलमध्ये सहजी मिळतं ते सहा टक्क्यांचं. व्हिडिओतलं माप तसंच पाजलं तर अन्ननलिका आणि पोट भाजतं. डॉक्टरनं पाकीट पाहून, बाटली पाहून, माप सांगून करा म्हटलं तरच करायचं. घशात बोटं घालण्याबद्दल इतकंच, की चावा बसेल आणि उलटी बहुधा होणार नाही.

फिनेल, संडास साफ करायचं ॲसिड, रॉकेल, ब्लीच यांत तर उलटी करवायचीच नाही. जाताना जे भाजलं ते येताना पुन्हा भाजतं, आणि रॉकेलसारखं पातळ द्रव फुप्फुसात गेलं तर न्युमोनिया होतो. गोळ्यांच्या बाबतीत पाकिटाची जागा स्ट्रिप घेते. किती मिलिग्रॅमची, किती कप्पे रिकामे, त्यातल्या किती घरच्यांनी आधीच घेतल्या होत्या. इथे एक नाजूक प्रश्नही येतो. पॅरासिटामॉल किंवा दुखण्याची गोळी कुत्र्यानं चोरून खाल्लेली नसते, घरातल्याच कुणीतरी "अंग तापलंय" म्हणून प्रेमानं दिलेली असते. सांगायला संकोच करू नका. आम्हाला रागवायला वेळ नसतो.

मराठवाड्यात सोयाबीनवर २०२२ साली गोगलगायींनी धुमाकूळ घातला, तेव्हापासून मेटाल्डिहाईडच्या गोळ्या पुष्कळ घरांत आल्या. त्या कुत्र्यालाही खाव्याशा वाटतात. काही तासांच्या आत कापरं, झटके, अंग तापणं. रिकामी पिशवी गोठ्याच्या कोपऱ्यात टाकलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही.

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या किंवा तिथेच स्थायिक असलेल्या वाचकांसाठी एक जोड. तिथे घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या उंदीरनाशकांत ब्रोमेथलिन नावाचं मेंदूवर परिणाम करणारं विष असू शकतं. ब्रोमॅडिओलोनशी नाव जुळतं, बाकी काहीच जुळत नाही. के-वन त्यावर चालत नाही आणि उताराही नाही. तिथे फोनवर नाव सांगताना अक्षर न अक्षर वाचा, पाकिटावरचा ई.पी.ए. नोंदणी क्रमांकही सांगा.

घाईत बोलणं सुचत नाही हे मला मान्य आहे. म्हणून आधी फोन करावा, आणि गाडी निघेपर्यंत कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक मजकूर टाकावा. शेरूच्या घरून आला होता तो साधारण असा होता:

"शेरू, नर, ३ वर्षं, २४ किलो. ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के, २५ ग्रॅमचे केक, फोटो पाठवलाय. ४ होते, दीड उरला. ५ वाजता धड पाहिले, साडेआठला विस्कटलेले. गेल्या रविवारीही ४ ठेवले होते, ते गायब. आता काही त्रास नाही, हिरड्या गुलाबी. ६ वाजता जेवला. काहीही पाजलेलं नाही. दुसरा आजार नाही, कुठलं औषध चालू नाही. २० मिनिटांत पोचतो."

यातलं "६ वाजता जेवला" आणि "काहीही पाजलेलं नाही" ही वाक्यं लोक गाळतात. झिंक फॉस्फाईड असतं तर पहिल्यानं आम्हाला सावध केलं असतं. दुसऱ्यामुळे गुंतागुंत टळते. समजा काही पाजलं असेलच तर तेही जसंच्या तसं लिहावं. पाकीट नसेल तर उरलेला तुकडा, विष्ठेतला किंवा उलटीतला रंगीत चुरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणावा, उघड्या हातानं नाही. रंगावरून विष ओळखता येत नाही, कंपन्या हवा तो रंग घालतात, पण चुरा मेणकट आहे की पूड आहे की पेस्ट आहे, यावरूनही आम्हाला बरंच कळतं. मेलेला उंदीर खाल्ला असेल तर केकच्या बाबतीत धोका सहसा कमी असतो, तरी तेही सांगावं.

आज रात्री करण्यासारखं म्हणजे कुत्र्याचं वजन करून ते फोनमध्ये लिहून ठेवा. घरात, सोसायटीत, शेतावर उंदरांसाठी जे काही ठेवलंय त्याच्या पाकिटाचा पुढून-मागून फोटो काढा, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याकडून काय ठेवलं, किती ठेवलं, कुठे ठेवलं हे लेखी घ्या. केक मोजून ठेवा, रविवारी पुन्हा मोजा. आपल्या पशुवैद्याला विचारा, रात्री दहानंतर फोन कुणाला करायचा. बहुतेक दवाखाने तेव्हा बंद असतात, आणि तो नंबर शोधायची वेळ झिंक फॉस्फाईड देत नाही.